बरणीची गोष्ट: चक्रवाढ व्याज आणि महागाई दाखवणारे दीड-दोन मिनिटांचे ॲनिमेशन कसे बनवावे

चक्रवाढ व्याज समजावणारी ॲनिमेशन्स पुष्कळ आहेत, महागाई समजावणारीही आहेत. बहुतेक ठिकाणी महागाई म्हणजे बरणीला पडलेले भोक किंवा रात्री येऊन नाणी पळवणारा उंदीर असतो. दिसायला हे गमतीदार दिसते, पण पाहणारे मूल त्यातून चुकीची गोष्ट शिकते. महागाईत बरणीतला एक रुपयाही कमी होत नाही. हजार रुपये ठेवले असतील तर वीस वर्षांनीही ते हजारच निघतात. बदललेली असते ती बाहेरची पाटी, म्हणजे दुकानातला भाव. एवढी एक गोष्ट चित्रात नीट दाखवली तर बाकीचे सगळे सोपे जाते, म्हणून या लेखातली सगळी मांडणी तिच्याभोवती केली आहे.

हा लेख शिक्षक, बचत गटातल्या कार्यकर्त्या आणि घरातल्या मुलांना हे समजावू पाहणाऱ्या पालकांसाठी आहे. चित्रकला यायची गरज नाही. लागतो तो संगणक, पॉवरपॉइंटची 2019 किंवा त्यानंतरची आवृत्ती (मायक्रोसॉफ्ट 365 असेल तर उत्तम), कुठलीही स्प्रेडशीट आणि आवाज रेकॉर्ड करायला फोन.

आधी गोष्ट ठरवा

गोष्ट छोटी ठेवू. नात जन्मली त्या दिवशी आजीने हजार रुपये बाजूला ठेवले. नात वीस वर्षांची झाली की ते तिला द्यायचे. ते फडताळातल्या बरणीत ठेवले तर काय होते, आणि व्याज देणाऱ्या खात्यात ठेवले तर काय होते, एवढेच दाखवायचे. वीस वर्षे ही मुदत मुद्दाम घेतली आहे. पाच वर्षांत चक्रवाढीचा परिणाम डोळ्यांना जाणवत नाही, आणि पन्नास वर्षे घेतली तर आकडे इतके मोठे होतात की पाहणाऱ्याला ती जाहिरात वाटते.

रुपयांनी काय विकत घेता येते हे मोजायला एक वस्तू लागेल. मी चिक्की घेते. चौकोनी तुकडा काढायला सोपा असतो, मुलांना ओळखीचा असतो आणि दहा बाय दहाच्या ताटात शंभर तुकडे नीट बसतात. गोष्टीत पहिल्या दिवशी एका तुकड्याचा भाव 10 रुपये धरू, म्हणजे आजीच्या हजार रुपयांत बरोबर शंभर चिक्क्या येतात.

आता दोन दर ठरवायचे. व्याज वर्षाला 7 टक्के आणि महागाई 5 टक्के. हे आकडे हवेतले नाहीत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीपीएफचा, दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे. महागाईचे म्हणाल तर 2016 साली कायद्यात बदल होऊन रिझर्व्ह बँकेसाठी 4 टक्क्यांचे लक्ष्य आणि 2 ते 6 टक्क्यांची मर्यादा ठरली. 5 टक्के त्या मर्यादेत बसतात. पीपीएफचे उदाहरण मनात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. तिथे व्याज मोजले जाते दर महिन्याला, पण खात्यात जमा होते वर्षातून एकदाच, 31 मार्चला. आपल्या चित्रातही बरणीत वर्षाला एकदाच थर पडेल. बँकेच्या मुदत ठेवीत व्याज बहुधा दर तिमाहीला मुद्दलात मिळवतात. त्या हिशेबाने 7 टक्क्यांनी हजाराचे वीस वर्षांत साधारण 4,006 रुपये होतात आणि वार्षिक हिशेबाने 3,869.68. फरक आहे, पण पहिल्याच फिल्ममध्ये तो आणला तर गोष्ट हरवते.

हिशेब स्प्रेडशीटमध्ये

चित्र काढायच्या आधी आकडे तयार पाहिजेत. अंदाजाने थर वाढवत गेलात तर वाढ सरळ रेषेत होते, आणि चक्रवाढीचा सगळा मुद्दा त्या वळणातच आहे. स्प्रेडशीटच्या A स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून, 0 ते 20 अशी वर्षे लिहा. मग दुसऱ्या ओळीत ही सूत्रे टाकून खाली ओढा:

```
B2  =1000*1.07^A2
C2  =70*A2
D2  =B2-1000-C2
E2  =10*1.05^A2
F2  =INT(B2/E2)
G2  =INT(1000/E2)
```

B म्हणजे खात्यातली रास. C म्हणजे फक्त मूळ हजारावर मिळालेले व्याज, दरवर्षी 70 रुपये. D म्हणजे व्याजावर मिळालेले व्याज. E म्हणजे त्या वर्षीचा चिक्कीचा भाव. F म्हणजे खात्यातल्या पैशांत किती चिक्क्या येतात आणि G म्हणजे फडताळातल्या हजारात किती येतात. `INT` पूर्णांकाखालचा भाग टाकून देते, कारण दुकानदार पाऊण चिक्की देत नाही.

तुमचे आकडे बरोबर आले का ते या ओळींशी ताडून पाहा:

| वर्ष | रास (रु.) | हजारावरचे व्याज | व्याजावरचे व्याज | चिक्कीचा भाव | खात्यातून चिक्क्या | फडताळातून चिक्क्या |
|---|---|---|---|---|---|---|
| 0 | 1000.00 | 0 | 0 | 10.00 | 100 | 100 |
| 1 | 1070.00 | 70 | 0 | 10.50 | 101 | 95 |
| 2 | 1144.90 | 140 | 4.90 | 11.03 | 103 | 90 |
| 10 | 1967.15 | 700 | 267.15 | 16.29 | 120 | 61 |
| 20 | 3869.68 | 1400 | 1469.68 | 26.53 | 145 | 37 |

कागदावर पटकन पडताळायचे असेल तर 72 चा नियम वापरा. 72 ला दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतात ते कळते. 7 टक्क्यांना दहा वर्षांहून थोडी जास्त लागतात. तक्त्यात दहाव्या वर्षी 1,967 आहेत, म्हणजे जमते. 5 टक्के महागाईत भाव दुप्पट व्हायला चौदा वर्षांहून थोडे जास्त लागतात आणि चौदाव्या वर्षी फडताळातल्या हजारात 50 चिक्क्या उरतात. हेही जमते. तुमच्या शीटमध्ये दहाव्या वर्षी 1,700 दिसत असतील, तर तुम्ही चक्रवाढ व्याजाऐवजी सरळ व्याज काढले आहे.

तक्त्यातले व्याजावरच्या व्याजाचे घर जरा सावकाश वाचा. दुसऱ्या वर्षी तिथे फक्त 4 रुपये 90 पैसे आहेत. पहिल्या वर्षीच्या 70 रुपयांवर 7 टक्के, एवढेच. अठराव्या वर्षी हा आकडा मुद्दलापेक्षा, म्हणजे हजारापेक्षा, मोठा होतो. आणि विसाव्या वर्षी, अगदी शेवटच्या टप्प्यावर, तो हजारावरच्या सरळ व्याजालाही पहिल्यांदाच मागे टाकतो. आपल्या फिल्ममधला सगळ्यात मोलाचा क्षण हाच आहे. तो नजरेतून सुटू नये म्हणून पुढे रंगांची योजना केली आहे.

बरणी काढताना

बरणी सरळ काठाची घ्या. चिनी मातीची लोणच्याची बरणी दिसते सुंदर, पण तिचा गळा अरुंद आणि पोट फुगीर असते. पोटाजवळचा एक सेंटिमीटर आणि गळ्याजवळचा एक सेंटिमीटर यांत सारखे पैसे मावत नाहीत, त्यामुळे उंची खोटे बोलू लागते. आयताच्या दोन बाजू, खाली तळ आणि वर झाकणाची एक पट्टी एवढे पुरे आहे.

आतले पैसे नाण्यांनी भरू नका. शेकडो गोल एकेक करून ठेवण्यात दिवस जातो आणि शेवटी कोणी ते मोजत नाही. त्याऐवजी तीन आयत घ्या: निळा म्हणजे मुद्दल, हिरवा म्हणजे मुद्दलावरचे व्याज आणि केशरी म्हणजे व्याजावरचे व्याज. निळा तळाशी, त्यावर हिरवा, सगळ्यात वर केशरी. लाल रंग मी टाळते, कारण आपल्याकडे हिशेबात लाल म्हणजे तोटा असे डोक्यात बसलेले असते.

पॉवरपॉइंटच्या रुंद स्लाइडची उंची 19.05 सेंटिमीटर असते. बरणीचा तळ वरच्या कडेपासून 17.5 सेंटिमीटरवर धरा आणि 250 रुपयांना 1 सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. मग हजाराचा निळा थर 4 सेंटिमीटरचा होतो आणि विसाव्या वर्षीची सगळी रास 15.48 सेंटिमीटरची. वर झाकणाला दीड-दोन सेंटिमीटर राहतात. थरांची उंची आणि जागा शीटलाच काढू द्या:

```
H2  =C2/250
I2  =D2/250
J2  =13.5-H2
K2  =J2-I2
```

H आणि I या हिरव्या आणि केशरी थरांच्या उंच्या आहेत. J आणि K म्हणजे त्या थरांच्या वरच्या कडा स्लाइडच्या माथ्यापासून किती अंतरावर हव्यात ते. निळ्याची वरची कड कायम 13.5 वर राहते. आयतावर राइट क्लिक करून `Format Shape` उघडले की `Size` मध्ये उंची आणि `Position` मध्ये `Vertical position` भरता येते. दोन्ही भरावे लागतात. नुसती उंची बदलली तर वरची कड जागेवर राहते आणि आयत खालच्या दिशेने वाढतो. हिरवा थर निळ्यावर सांडलेला दिसला की समजा, उभी जागा भरायची राहिली आहे.

`Alt+F10` दाबले की उजवीकडे स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी येते. तिथे तिन्ही थरांना नावे द्या:

```
!!mul
!!vyaj
!!chakra
```

सुरुवातीची दोन उद्गारचिन्हे महत्त्वाची आहेत. पुढच्या स्लाइडवरचा आयत हाच मागच्या स्लाइडवरचा आयत आहे, हे पॉवरपॉइंटला त्यांच्यामुळे कळते.

उजवीकडे चिक्कीचे ताट येईल. 0.7 सेंटिमीटरचा तपकिरी चौकोन काढा, 0.8 सेंटिमीटरच्या अंतराने दहा चौकोनांची ओळ करा आणि ती ओळ दहा वेळा वरवर ठेवा. ताटावर दुकानाची पाटी लावा: "चिक्की, 1 नग, 10.00 रुपये". डाव्या कोपऱ्यात वर्षाचा आकडा. बरणीखाली रुपयांचा आकडा. एवढेच. आजी आणि नात खालच्या कोपऱ्यात छोट्या ठेवा. नातीचे चित्र दर स्लाइडला थोडे उंच केले की ती आपोआप मोठी होत जाते आणि वीस वर्षे गेल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

पहिला प्रसंग: फडताळातली बरणी

सुरुवात व्याजापासून करावी की महागाईपासून, यावर मतभेद होऊ शकतात. माझे मत महागाई आधी असे आहे. भाव वाढतात हे मुलांनाही ठाऊक असते, त्याला सूत्र लागत नाही. आणि बरणीतले पैसे न हलता ताट रिकामे होताना पाहिले की व्याज कशासाठी हवे हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आपणहून उभा राहतो.

वर्ष शून्याची स्लाइड तयार झाली की डावीकडच्या पट्टीत ती निवडून `Ctrl+D` दाबा. तिची नक्कल तयार होते. नकलेवर वर्ष 1 करा, पाटीवर 10.50 लिहा आणि ताटातले पाच चौकोन फिकट करा. चौकोन पुसून टाकू नका, फिकट बदामी रंग भरा. रिकामी जागा दिसत राहिली तरच काय गेले ते कळते. निळ्या थराला आणि हजाराच्या आकड्याला हात लावायचा नाही. मग या स्लाइडची नक्कल, वर्ष 2, भाव 11.03, चिक्क्या 90. असे विसाव्या वर्षापर्यंत, G स्तंभ पाहत पाहत. नेहमी आधीच्या स्लाइडची नक्कलच घ्या. चौकोन नव्याने काढून चिकटवले तर पॉवरपॉइंटला जोड्या लागत नाहीत आणि चिक्क्या ताटभर उडताना दिसतात.

पाटीवरचा भाव सोयीसाठी 26.50 करावासा वाटेल. करू नका. फडताळातल्या बरणीला काही फरक पडत नाही, तिथे 37 च येतात. पण तिसऱ्या प्रसंगात 3,869.68 ला 26.50 ने भागले की 146 येतात आणि तुमच्या ताटात 145 असतात. वर्गातला एखादा चौकस मुलगा हे नक्की काढून दाखवतो आणि मग सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो.

सगळ्या स्लाइड झाल्या की पहिली सोडून बाकीच्या निवडा, `Transitions` टॅबवर `Morph` निवडा आणि `Duration` 1 सेकंद ठेवा. शेजारच्या `Advance Slide` मध्ये `After` वर खूण करून वेळ शून्य ठेवा, ही खूण पहिल्या स्लाइडवरही करा. आता स्लाइड शो चालवला की वर्षे आपोआप पुढे सरकतात. दर वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटाला हालचाल किंचित मंदावते. ती तशीच असू द्या, वर्ष संपल्याची ती खूण होते.

या प्रसंगात संवाद फक्त शेवटी आहे. वर्षे सरकत असताना कोणी बोलायचे नाही. शेवटच्या स्लाइडवर नात ताटाकडे पाहते:

"आजी, पैसे तर तेवढेच आहेत. मग चिक्की कमी का आली?"

"पैसे कुठेच गेले नाहीत गं. दुकानातली पाटी बघ."

आणि मग पाटी मोठी होऊन समोर येते. त्यासाठी शेवटच्या स्लाइडची आणखी एक नक्कल करा आणि तिच्यावर फक्त पाटी दुप्पट मोठी करा.

दुसरा प्रसंग: खात्यातली बरणी

आता ताट आणि पाटी पूर्ण काढून टाका. स्लाइडवर बरणी एकटी राहू द्या. व्याज आणि महागाई एकाच वेळी पहिल्यांदा दाखवली तर पाहणाऱ्याची नजर कुठेच थांबत नाही.

वर्ष शून्यावर फक्त निळा थर आहे, पण हिरवा आणि केशरी आयतही स्लाइडवर ठेवा, उंची 0.01 सेंटिमीटर आणि जागा निळ्याच्या वरच्या कडेला. ते नसतील तर पहिल्यांदा येताना वाढत येण्याऐवजी नुसते उमटतात. पहिल्या वर्षी हिरवा थर 0.28 सेंटिमीटर होतो. त्यावर आवाज: "हजारावर सात टक्के. सत्तर रुपये."

दुसऱ्या वर्षी थांबा. इथे वेळ द्यायचा आहे. हिरवा थर आणखी 0.28 ने वाढतो, पण केशरी थराची उंची येते 0.02 सेंटिमीटर. पडद्यावर तो केसाएवढाही दिसणार नाही. तो दिसावा म्हणून जाड करायचा मोह होतो आणि बऱ्याच ठिकाणी तसे केलेलेही असते, पण मग पुढच्या सगळ्या थरांचे प्रमाण बिघडते. त्यापेक्षा बरणीच्या बाजूला एक गोल काढा, भिंगासारखा. त्यात हिरव्या थराचा तुकडा आणि त्यावर केशरी पट्टी मोठी करून दाखवा, शेजारी लिहा "4 रु. 90 पै.". आजीचा आवाज:

"मागच्या वर्षीचे सत्तर रुपये आपण काढले नाहीत. त्यांनाही व्याज मिळालं."

"एवढंच? पाच रुपयेसुद्धा नाहीत!"

"एवढंच. आता बघत राहा."

नातीचा हा प्रश्न गाळू नका. पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात तोच असतो, आणि चक्रवाढीची वाढ सुरुवातीला खरोखरच नगण्य असते हे कबूल केले तरच पुढचे पटते.

तिसरे वर्षही सावकाश घ्या. त्या वर्षीचे व्याज 80.14 रुपये. त्यातले 70 हिरव्यात, 10.14 केशरीत. त्यानंतर बोलणे बंद आणि एका सेकंदाला एक वर्ष. दहाव्या वर्षी केशरी थर सेंटिमीटरभर असतो, आता भिंगाची गरज नाही. पंधराव्या वर्षानंतर तो दर सेकंदाला दिसण्याजोगी उडी घेतो. हिरवा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत दरवर्षी तेवढाच वाढत राहतो. दोन रंगांची ही शर्यत कुठल्याही आलेखापेक्षा स्पष्ट दिसते. विसाव्या वर्षी निळा 4 सेंटिमीटर, हिरवा 5.6 आणि केशरी 5.88. इथे दोन सेकंद चित्र थांबवा आणि तिन्ही थरांच्या शेजारी रक्कम लिहा: 1000, 1400, 1469.68. बाकी काही सांगायची गरज नाही.

एक तपासणी करा. व्याज खात्यात न राहता दरवर्षी काढून घेतले, तर केशरी थर कधीच तयार होत नाही. बरणीत फक्त निळा राहतो आणि हिरवा बाहेर जातो. पाहणाऱ्याने हा प्रश्न विचारला तर केशरी आयत लपवलेली एक स्लाइड हाताशी ठेवा.

तिसरा प्रसंग: दोन्ही एकत्र

दुसऱ्या प्रसंगाच्या स्लाइडची नक्कल घेऊन भिंग आणि रकमांची अक्षरे काढा आणि त्यांवर ताट आणि पाटी परत आणा. ताटाला आता वर पाच ओळी जास्त लागतील, कारण शंभराच्या पुढे जायचे आहे. सगळे मिळून 150 चौकोन, त्यातले शंभर गडद, वरचे पन्नास फिकट. वर्षागणिक F स्तंभाप्रमाणे गडद करत जा: 101, 103, 105, आणि शेवटी 145.

हा प्रसंग पाहणाऱ्याला थोडा हिरमुसला करतो, आणि करायलाच हवा. बरणी जवळजवळ चौपट भरली, चिक्क्या मात्र दीडपटीपर्यंतही पोचल्या नाहीत. इथे बरेच जण म्हणतात की 7 वजा 5 म्हणजे खरी वाढ 2 टक्के. अंदाजाला हे चालते, पण नेमके उत्तर भागाकाराने येते: 1.07 ला 1.05 ने भागले की 1.019, म्हणजे वर्षाला 1.9 टक्के. वजाबाकीने धरले तर विसाव्या वर्षी 148 चिक्क्या येतील असे वाटते, भागाकाराने 145. फिल्ममध्ये हे सांगू नका, प्रश्न आला तर फळ्यावर करून दाखवा.

शेवटच्या स्लाइडवर दोन ताटे शेजारी ठेवा. डावीकडे फडताळातली बरणी, 1000 रुपये, 37 चिक्क्या. उजवीकडे खात्यातली बरणी, 3,869.68 रुपये, 145 चिक्क्या. वर एकच पाटी, 26.53 रुपये, कारण दुकान दोघांसाठी एकच आहे.

आवाज, फाइल आणि पहिला प्रेक्षक

आवाज फोनवर रेकॉर्ड करा, पंखा बंद करून, गाद्या-कपड्यांच्या खोलीत. प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये असले की नंतर एखादे बदलायला सोपे जाते. फाइल संबंधित स्लाइडवर `Insert` मधून `Audio` ने घाला आणि `Start` मध्ये `Automatically` निवडा. ज्या स्लाइडवर बोलणे आहे तिथे `After` ची वेळ वाक्याच्या लांबीइतकी वाढवा, नाहीतर वाक्य अर्धवट तुटते. शेवटी `File`, `Export`, `Create a Video` या वाटेने एमपी 4 फाइल बनवा. मूळ पॉवरपॉइंट फाइल पाठवू नका. जुन्या आवृत्तीत `Morph` चालत नाही, तिथे थर वाढताना न दिसता एकातून दुसरी स्लाइड विरघळत जाते.

व्हिडिओ वाटण्याआधी एका मुलाला किंवा मुलीला दाखवा, आधी काही न सांगता, आणि दोन प्रश्न विचारा. पहिला, फडताळातल्या बरणीतले किती रुपये कमी झाले? "काहीच नाही" हे उत्तर आले तर महागाईचा भाग जमला. "बरेच" असे उत्तर आले, तर पहिल्या प्रसंगात काहीतरी हलले आहे. बहुधा नकळत निळा थर सरकलेला असतो, किंवा ताट बरणीच्या इतके जवळ असते की चिक्क्या बरणीतूनच गेल्यासारख्या वाटतात. दुसरा प्रश्न, केशरी रंग कुठून आला? "व्याजाच्या व्याजातून" असे कुठल्याही शब्दांत आले तरी चालेल. "बँकेने जास्त दिले" असे आले, तर दुसऱ्या वर्षीचे भिंग आणखी दोन सेकंद पडद्यावर ठेवा.

हे जमले की एक बदल करून दुसरी आवृत्ती काढा. पोस्टाच्या बचत खात्याचा दर कित्येक वर्षे 4 टक्के आहे. शीटमध्ये 1.07 च्या जागी 1.04 आणि 70 च्या जागी 40 टाका. विसाव्या वर्षी रास होते 2,191 रुपये, म्हणजे बरणी दुपटीहून जास्त भरते, आणि ताटात येतात 82 चिक्क्या. शंभरापेक्षा कमी. पैसे वाढले आणि चिक्क्या घटल्या, हे एकाच स्लाइडवर दिसते. बचत गटाच्या बैठकीत 7 टक्क्यांच्या आधी ही 4 टक्क्यांची आवृत्ती दाखवावी असे मला वाटते. बहुतेकांचे पैसे अशाच खात्यात पडून असतात, त्यामुळे चर्चा लगेच स्वतःच्या पासबुकावर येते.

मुदत ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल तर त्याचीही आवृत्ती करता येते. 7 टक्क्यांवर 20 टक्के कर धरला तर हातात राहतात 5.6 टक्के. शीटमध्ये 1.056 आणि 56 टाकले की चिक्क्या 145 वरून 112 वर येतात. पीपीएफच्या व्याजावर कर नाही, त्यामुळे तिथे हा फरक पडत नाही.

प्रत्येक आवृत्तीच्या शेवटच्या स्लाइडवर खालच्या कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरात, त्या त्या आवृत्तीचे दर घालून असे लिहा: "व्याज 7 टक्के, महागाई 5 टक्के, दोन्ही वीस वर्षे स्थिर मानले आहेत." प्रत्यक्षात पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते आणि महागाई दरवर्षी वेगळी असते. शिवाय सरकारी आकडा सरासरीचा असतो. ज्या घरात शाळेची फी आणि औषधांवरच जास्त खर्च होतो, त्या घराची महागाई त्याहून वेगळी निघू शकते. अशा घरासाठी E स्तंभातला 1.05 बदलून त्यांच्याच वह्यांमधल्या, चार-पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या फीच्या आकड्यांवरून दर काढा. आजच्या फीला जुन्या फीने भागा आणि मधली वर्षे पाच असतील तर उत्तराचा पाचवा घातमूळ घ्या. शीटमध्ये ते असे लिहितात:

```
=(आजची फी/जुनी फी)^(1/5)
```

कंसातल्या शब्दांच्या जागी आकडे टाका. जो आकडा येईल तोच 1.05 च्या जागी घाला, सूत्रे खाली ओढा आणि ताटातल्या चिक्क्या नव्याने रंगवा.